हेडलाइटची चढउतार आणि स्टेटरची तपासणी

मोटरसायकलचा अॅक्सिलरेटर पिळला की हेडलाइट उजळतो आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की मंदावतो, याचा अर्थ दिव्याला मिळणारा व्होल्टेज इंजिनच्या वेगाबरोबर वरखाली होतो आहे. हॅलोजन दिवा व्होल्टेजबाबत फार संवेदनशील असतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटला, तर प्रकाश जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. त्यामुळे मीटरवर किरकोळ वाटणारा फरक रस्त्यावर लगेच जाणवतो.

ही चढउतार दोष आहे की नाही, हे गाडीच्या रचनेवर अवलंबून असते. कमी सीसीच्या अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालत नाही. मॅग्नेटोमधल्या लाइटिंग कॉईलमधून त्याला थेट एसी वीज मिळते. अशा गाडीत इंजिन संथ चालताना दिवा मंद होणे स्वाभाविकच असते. मात्र दिवा बॅटरीवरचा असेल, तर इंजिनचा वेग कमी झाल्यावरही बॅटरीने त्याला सावरून धरायला हवे. २०१७ च्या एप्रिलपूर्वीच्या गाडीत इंजिन बंद ठेवून चावी फिरवल्यावर हेडलाइट लागला, तर तो बॅटरीवरचा समजावा. त्यानंतरच्या नव्या दुचाकींना हेडलाइट सतत चालू ठेवणे बंधनकारक झाले आणि काही गाड्यांत इंजिन सुरू झाल्याशिवाय तो लागतच नाही. तिथे इंजिन चालू ठेवून होल्डरवर डीसी व्होल्टेज मोजावा. तो बॅटरीच्या व्होल्टेजइतकाच भरला, तर दिवा बॅटरीवरचा आहे.

पुढची तपासणी बॅटरीवरचा हेडलाइट आणि तीन फेजचा स्टेटर असलेल्या गाडीची आहे. अशा स्टेटरमधून बहुधा एकाच रंगाच्या, पुष्कळदा पिवळ्या, तीन वायरी निघून रेग्युलेटर-रेक्टिफायरकडे, म्हणजे मेकॅनिकांच्या बोलीतल्या आरआर युनिटकडे जातात. क्रँकशाफ्टवरचा चुंबकांचा रोटर फिरतो आणि स्थिर स्टेटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांत एसी वीज तयार होते. आरआर युनिट तिचे डीसीत रूपांतर करते आणि व्होल्टेज मर्यादेत ठेवते.

स्टेटर दोषी ठरवण्याआधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजावा. इंजिन बंद असताना चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांवर नेल्यावर हाच आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. बॅटरीवर १४ व्होल्ट आणि हेडलाइटच्या होल्डरवर मात्र १२.५ व्होल्ट मिळत असतील, तर स्टेटरचा काही दोष नाही. गंजलेला अर्थ, सैल कनेक्टर किंवा जळका स्विच वाटेतच व्होल्टेज खातो आहे. बॅटरीवरच व्होल्टेज चढत नसेल, तेव्हा स्टेटरकडे वळावे.

इंजिन बंद करून स्टेटर आणि आरआर युनिट यांच्यामधला कनेक्टर सोडवावा आणि आधी तो नीट पाहावा. प्लॅस्टिक वितळलेले किंवा एखादी पिन काळी पडलेली असेल, तर पूर्ण दोष तिथेच असू शकतो. त्यानंतर स्टेटरच्या बाजूच्या तीन वायरींवर तीन चाचण्या घ्याव्यात.

पहिली चाचणी अर्थिंगची. मीटर ओहमच्या सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवून एक प्रोब इंजिनच्या स्वच्छ धातूला आणि दुसरा एकेका वायरीला लावावा. तिन्ही वेळा मीटरने जोड नसल्याचेच दाखवले पाहिजे. एका वायरीलाही अर्थ मिळाला, तर वेटोळ्यावरचा इनॅमलचा थर जळून तांबे लोखंडी गाभ्याला टेकले आहे आणि स्टेटर बाद आहे. ही चाचणी वगळून चालत नाही, कारण एकाच जागी अर्थ झालेला स्टेटर पुढच्या दोन्ही चाचण्यांत धडधाकट भासू शकतो.

दुसरी चाचणी रेझिस्टन्सची. वायरींना १, २, ३ असे क्रमांक देऊन १-२, २-३ आणि १-३ या जोड्या मोजाव्यात. चांगल्या स्टेटरमध्ये हे आकडे सहसा एक ओहमच्या आत आणि एकमेकांच्या अगदी जवळ असतात. साध्या मीटरचे प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.२ ते ०.३ ओहम दिसतात. तेवढे वजा करावे लागतात. एखाद्या जोडीत जोडच नसेल, तर तार तुटली आहे हे नक्की. पण तिन्ही आकडे सारखे आले म्हणून स्टेटर चांगला ठरत नाही. काही वेढे आपसात चिकटले, तर रेझिस्टन्समध्ये पडणारा फरक इतका लहान असतो की साध्या मीटरला तो कळत नाही.

म्हणून तिसरी चाचणी निर्णायक ठरते. कनेक्टर सुटाच ठेवून मीटर एसी व्होल्टच्या २०० च्या किंवा त्याहून मोठ्या रेंजवर लावावा आणि इंजिन सुरू करावे. इग्निशन बॅटरीवर चालत असल्यास बॅटरी चार्ज केलेली हवी. तिन्ही जोड्या एकाच वेगावर मोजणे महत्त्वाचे. चांगल्या स्टेटरमध्ये वेगाबरोबर व्होल्टेज चढत जातो आणि पाच हजार फेऱ्यांच्या आसपास अनेक गाड्यांत तो ५० ते ७० व्होल्टपर्यंत पोहोचतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. हा व्होल्टेज झटका देण्याइतका असल्याने उघड्या पिनांना हात लावू नये.

एक उदाहरण घेऊ. बॅटरी इंजिन बंद असताना १२.५, संथ वेगावर १२ आणि पाच हजार फेऱ्यांवर १२.८ व्होल्ट दाखवते. कनेक्टर स्वच्छ आहे. तिन्ही वायरींना अर्थ नाही आणि प्रोबचा रेझिस्टन्स वजा केल्यावर प्रत्येक जोडी ०.३ ते ०.४ ओहम भरते. इथवर दोष सापडत नाही. एसी चाचणीत मात्र १-२ वर ६० व्होल्ट, २-३ वर ४२ आणि १-३ वर ४१ व्होल्ट मिळतात. कमी आलेल्या दोन्ही जोड्यांत ३ क्रमांकाची वायर समाईक आहे. याचा अर्थ तिच्या फेजमधले बरेच वेढे शॉर्ट झाले आहेत. कव्हर उघडल्यावर अशा फेजचे पोल काळे पडलेले आणि वॉर्निश करपलेले आढळते.

तिन्ही जोड्या सारख्या पण मॅन्युअलपेक्षा बऱ्याच कमी आल्या, तर वेग चुकीचा धरला गेला नाही ना हे पाहून मग रोटरच्या चुंबकांवर संशय घ्यावा. तिन्ही सारख्या आणि पुरेशा असतील, तर स्टेटर सोडून आरआर युनिट आणि तिथून बॅटरीकडे जाणारी वायर तपासावी. या चाचणीलाही मर्यादा आहे. कनेक्टर सुटा असताना वेटोळ्यांवर भार नसतो आणि गार इंजिनात अर्धवट जळलेले इन्सुलेशन तग धरते. गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालवल्यावरच दिवा मंदावत असेल, तर अर्थिंगची आणि एसी व्होल्टेजची चाचणी इंजिन गरम असताना पुन्हा घ्यावी.

दोष सिद्ध झाल्यावर स्टेटर बदलता येतो किंवा रिवाइंड करता येतो. रिवाइंडिंगमध्ये तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या मूळचीच ठेवावी लागते आणि तारेचे इनॅमल इंजिनची उष्णता व तेल सोसणारे लागते. नवा स्टेटर बसवण्याआधी आरआर युनिट आणि कनेक्टर यांची खात्री करणे आवश्यक असते. युनिटमधला डायोड शॉर्ट असेल, तर नवा स्टेटरही त्याच कारणाने जळतो. काम संपल्यावर बॅटरीवरचा व्होल्टेज हेडलाइट लावून पुन्हा मोजावा. चार-पाच हजार फेऱ्यांवर तो १३.५ च्या वर टिकला, तर चार्जिंग पूर्ववत झाले.