वीज गेली की पाणीही जाते



पालकहो व विद्यार्थी मित्रांनो, इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून पंपांनी विंध्याचल चढवून आणले जाते. तिथली वीज गेली की शहरातील टाक्या भरत नाहीत, आणि आपली वीज गेली की घराची मोटर व बोअरिंग बंद पडते. म्हणून वादळाचे आभाळ दिसले की आधी पाणी भरावे.

समजा, घरात आजीसह पाच माणसे आहेत. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज ५ लिटर धरले, तर दोन दिवसांना ५० लिटर लागतात. हे पाणी झाकलेल्या भांड्यांत वेगळे ठेवावे आणि ओगराळ्यानेच काढावे. आर.ओ.चे यंत्र विजेशिवाय चालत नाही, म्हणून गाळलेले पाणी आधीच भरावे. ते संपले तर पाणी उकळून प्यावे. संडासासाठी फ्लश न वापरता बादलीतले वापरलेले पाणी घ्यावे.

आजींना इन्सुलिन लागते. वीज गेल्यावर फ्रिज वारंवार उघडू नये. बंद फ्रिज सुमारे चार तास थंड राहतो. पुढे मातीचे मडके उपयोगी पडते. मोठ्या मडक्यात वाळू घालून त्यात लहान मडके बसवावे. इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लहान मडक्यात ठेवावी आणि वर ओले फडके झाकावे. वाळू दिवसातून दोन-तीनदा भिजवावी, मडके सावलीत पण वाऱ्यात ठेवावे. पाणी उडताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आत गारवा येतो. मात्र मडके फ्रिजइतके थंड होत नाही. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते चांगले काम करते, पावसाळी दमट हवेत फारसे नाही. तेव्हा थर्मासमध्ये बर्फ ठेवावा, पण बाटली जाड कापडात गुंडाळावी. एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

बाहेर काढलेल्या बाटलीवर तारीख लिहावी. बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालते; नेमकी मुदत वेष्टनातील कागदावर असते. स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ झाले किंवा त्यात गुठळ्या दिसल्या तर ते टाकून द्यावे. खराबी नेहमी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून साखर वाढलेली आढळल्यास डॉक्टरांना विचारावे.

उजेडासाठी मेणबत्ती नको. खिडक्या उघड्या असतात, पडदा उडून ज्योतीवर येतो. चार्ज होणारा एल.ई.डी. दिवा छताकडे तोंड करून ठेवला तर सगळ्या खोलीत उजेड पसरतो. टॉर्चवर पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली ठेवली तरी चालते. दिवा महिन्यातून एकदा चार्ज करावा, नाहीतर गरज पडेल त्या रात्रीच तो बंद सापडेल.

विद्यार्थ्यांनी या रविवारी घरी मडके तयार करावे आणि आतले व बाहेरचे तापमान मोजून वहीत लिहून आणावे.

— मुख्याध्यापक