शेवळाची जुडी आणि मार्केटिंगचा अर्ज

वनस्पतिशास्त्र, भूगोल किंवा इतिहास शिकणारी मुलं मार्केटिंगच्या इंटर्नशिपसाठी अर्ज करतात, तेव्हा सोबतच्या पत्राचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : ‘माझं शिक्षण मार्केटिंगमधलं नसलं तरी मला या क्षेत्राची मनापासून आवड आहे आणि मी लवकर शिकते.’ पत्र इथेच पडतं. वाचणाऱ्याने अजून पदवीचा विचारही केलेला नसतो, तोवर आपणच आपली उणीव त्याच्यापुढे ठेवतो. आवडीला पुरावा नसतो. आणि ‘लवकर शिकते’ हे तर अर्ज करणारा प्रत्येक जण म्हणतो.

या वाक्याचं मूळ मला शाळेतल्या विनंती अर्जात दिसतं. ‘वरील विषयास अनुसरून’ सुरुवात करायची, ‘संधी देऊन उपकृत करावे’ असं म्हणायचं आणि खाली ‘आपली आज्ञाधारक’ लिहून सही ठोकायची, हे आपल्या हातात इतकं मुरलेलं असतं की पत्र इंग्रजीत लिहिलं तरी सूर तोच लागतो. मुख्याध्यापकांकडे रजा मागायला तो सूर ठीक. इथे मागायचं काही नसतं, दाखवायचं असतं.

काय दाखवायचं हे कळण्यासाठी पत्र कोण वाचतो ते पाहावं. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी भरतीविभागाकडे जातो आणि तिथे पदवीचा रकाना पाहून चाळणी लागली तर पत्र कितीही चांगलं असो, ते वाचलंच जात नाही. इंटर्नशिपच्या संकेतस्थळांवर तर पत्राऐवजी ‘आम्ही तुम्हाला का घ्यावं?’ एवढा एकच चौकोन भरायचा असतो. पण दहा-पंधरा माणसांच्या कंपनीत पत्र बहुतेक वेळा मालक किंवा मार्केटिंग पाहणारा माणूस स्वतः वाचतो, आणि त्याच्या डोक्यात अगदी साधे प्रश्न असतात. या मुलीला दुकानात पाठवलं तर ती अनोळखी माणसांशी बोलेल का? तिने गोळा केलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवता येईल का? आणि पंधरा दिवसांत कंटाळून निघून तर जाणार नाही? त्याच्याकडचं कामही तसंच असतं : दुकानदारांना फोन, ग्राहकांचे अभिप्राय, इन्स्टाग्रामचा मजकूर, एक्सेलमधल्या याद्या. बीबीएच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलानेही यातलं फारसं काही केलेलं नसतं. त्यामुळे दुसऱ्या विषयाच्या विद्यार्थ्याला वाटतं तेवढं अंतर प्रत्यक्षात नसतंच.

एक उदाहरण घेऊ. विद्यार्थिनी आणि कंपनी दोन्ही कल्पनेतल्या आहेत. ती बीएस्सी वनस्पतिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, राहते ठाणे जिल्ह्यात. कंपनी थालीपिठाची भाजणी, नाचणीचं सत्त्व आणि कुळीथ पीठ पाकिटांतून विकते. जाहिरातीत तीन कामं दिली आहेत : दुकानांत जाऊन ग्राहकांचा कल पाहणं, सोशल मीडियासाठी मराठी मजकूर लिहिणं आणि आलेल्या माहितीच्या नोंदी ठेवणं.

पत्राला हात घालण्याआधी कागदाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे ही तीन कामं, उजवीकडे आपण प्रत्यक्ष केलेलं असं काही. विषयांची नावं लिहायची नाहीत, कामं लिहायची. या मुलीच्या उजव्या बाजूला आधी काहीच येत नाही. मग तिला रानभाज्यांचा प्रकल्प आठवतो. पावसाच्या तोंडावर मुरबाडच्या बाजारात कोणत्या रानभाज्या येतात याची यादी करायला ती गेली होती. शास्त्रीय नावांसह यादी झाली, गुण मिळाले, वही कपाटात गेली. पण त्या वहीच्या समासात दुसरंच काही लिहिलेलं होतं. शेवळाची जुडी लोक हातात घेतात आणि परत ठेवतात, असं तिने टिपलं होतं. शेवळाला खाज असते. ती मारायला सोबत काकडाची आंबट फळं लागतात, आणि नव्याने राहायला आलेल्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. समासातली ही नोंद म्हणजे ग्राहकाचा अभ्यासच झाला, फक्त तिने त्याला ते नाव दिलं नव्हतं.

या सामग्रीवर उभं राहिलेलं पत्र साधारण असं होईल. कंपनीची जाहिरात इंग्रजीत असेल तर पत्रही इंग्रजीत लिहावं. इथे काम मराठी मजकुराचं आहे, म्हणून मराठी.

‘नमस्कार. गेल्या जूनमध्ये मुरबाडच्या बाजारात शेवळं विकणाऱ्या बायकांजवळ बसून मी ४० गिऱ्हाइकांशी बोलले. त्यांतल्या २३ जणांनी जुडी हातात घेऊन परत ठेवली. का, असं विचारल्यावर १६ जण म्हणाले की ही भाजी करायची कशी ते माहीत नाही. पुढच्या बाजाराला मी कृती एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून एका मावशींच्या टोपलीपाशी लावली. आधीच्या बाजारात त्यांच्या ३० पैकी ११ जुड्या उरल्या होत्या, या वेळी ३ उरल्या. हा फरक कागदामुळेच पडला असं मी म्हणणार नाही, कारण त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती आणि गर्दीही जास्त होती. पण सात जणांनी कागदाचा फोटो काढून घेतला, हे मी मोजलं आहे.

‘तुमच्या कुळीथ पिठाच्या पाकिटावर कृती मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत आहे. त्या पिठाच्या इन्स्टाग्रामवरच्या पोस्टखाली लोक ते कसं वापरायचं हेच पुन्हा पुन्हा विचारताना दिसतात. दुकानात पाकीट उचलून परत ठेवणारे किती आणि का, हे मला पहिल्या दोन आठवड्यांत पाहायला आवडेल. त्यातून जे निघेल त्यावर मजकूर लिहीन.

‘मी वनस्पतिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मार्केटिंगचा अभ्यासक्रम केलेला नाही. एक्सेलमध्ये नोंदी लावून पिव्हट टेबल काढता येतं. व्हिडिओचं संपादन येत नाही. परीक्षा एप्रिलमध्ये संपते, मे ते जुलै पूर्ण वेळ येऊ शकते. कृतीचा कागद आणि नोंदवहीची दोन पानं सोबत जोडली आहेत.’

पत्र पावणेदोनशे शब्दांच्या आसपास आहे. अडीचशे-तीनशेपर्यंत चालतं. त्यापुढे ते फोनच्या पडद्यावर सरकवत बसावं लागतं आणि वाचणारा मध्येच सोडून देतो.

पदवीचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात आला आहे, आणि तो माहिती म्हणून आला आहे, दिलगिरी म्हणून नाही. तोवर वाचणाऱ्याने बाजार पाहिलेला असतो. ‘वनस्पतिशास्त्र’ हा शब्द येतो तेव्हा तो खटकत नाही, उलट ही बाजारात का गेली होती ते कळतं. हेच पत्र ‘मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी’ असं सुरू झालं असतं तर पुढचं सगळं समर्थन करण्यात गेलं असतं.

मला या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य वाटतं ते ‘कागदामुळेच पडला असं मी म्हणणार नाही’ हे. अनेक मुलं हे वाक्य गाळतील आणि ‘माझ्या उपक्रमामुळे विक्री वाढली’ असं ठोकून देतील. मार्केटिंगमध्ये रोज हाच घोळ होतो : जाहिरात चालू असताना दिवाळी येते, विक्री वाढते आणि श्रेय जाहिरातीला जातं. दोन गोष्टींची तुलना करताना बाकीच्या गोष्टी सारख्या होत्या का, हा प्रश्न विज्ञानाच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षापासून विचारला जातो. ‘माझी विश्लेषणक्षमता उत्तम आहे’ असं लिहून जे सिद्ध होत नाही, ते या एका कबुलीने होतं. त्यातही एका मर्यादेचं भान हवं. ४० माणसं एका बाजारातली, तीही तिच्याशी बोलायला थांबलेली. एवढ्यावरून ‘शहरी ग्राहक रानभाज्या घेत नाहीत’ असा निष्कर्ष काढला तर अनुभवी माणूस तिथेच पत्र बाजूला ठेवेल.

दुसऱ्या परिच्छेदाचं काम वेगळं आहे. पत्र याच कंपनीसाठी लिहिलं आहे का, हे तिथे ठरतं. तपासायची रीत सोपी आहे. कंपनीचं नाव खोडून दुसरीचं घाला. काहीच बिघडलं नाही, तर तो परिच्छेद पोकळ आहे. ‘आपल्या नामांकित संस्थेत’ हे कुठेही चालतं, कुळीथ पिठाच्या पाकिटामागची बारीक अक्षरं चालत नाहीत. मात्र इथे तोल जाण्याचाही धोका असतो. तीन दिवस कंपनीचं पान चाळून ‘तुमचं पॅकेजिंग चुकलं आहे’ असं सांगणारी इंटर्न कुणालाच नको असते. पाकीट तसं का छापलं यामागे छपाईचा खर्च असेल, अन्नसुरक्षेच्या नियमांनी लेबलावर अडवलेली जागा असेल. म्हणून ती फक्त जे दिसलं ते सांगते आणि पाहायला आवडेल म्हणते.

काय गाळलं आहे हेही पाहण्यासारखं आहे. शेवळाची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते, हे तिला माहीत आहे आणि लिहायचा मोहही होतो. पण जाहिरातीतल्या तिन्ही कामांशी त्याचा संबंध नाही. तसेच ‘ब्रँड’, ‘एंगेजमेंट’, ‘टार्गेट ऑडियन्स’ हे शब्दही नाहीत. बाहेरून आलेला माणूस नवे शब्द जरा जास्तच वापरतो, आणि आतल्याला ते लगेच जाणवतं. व्हिडिओ येत नाही हे मात्र लिहून टाकलेलं बरं. नाहीतर पहिल्याच आठवड्यात रील बनवायला सांगतात आणि अवघड होतं.

पाठवताना मेलच्या विषयात पदाचं नाव, स्वतःचं नाव आणि कधीपासून येता येईल एवढं असावं. पत्र मेलमध्येच लिहावं, जोडपत्राच्या आत दडवू नये, कारण अनेक जण ते उघडत नाहीत. बायोडेटा पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव दिलेलं. ‘फायनल नवीन २’ नावाच्या फाइली अजूनही येतात.

उत्तर आलं नाही तर आठवडाभराने दोन ओळींचा एक मेल पुरे. आलं, तर मुलाखतीत पहिला प्रश्न पदवीचा असेलच असं नाही. ‘ते २३ जण तुम्ही मोजलेत कसे?’ असा असू शकतो. जुडी नुसती उलटीपालटी करून पाहणाऱ्याला धरलं की नाही, एकाच घरातली दोघं आली तर एक मोजलं की दोन, याची उत्तरं वहीत हवीत. वही सोबत न्यावी.