मधली संख्या धरा

तीन क्रमागत संख्यांची बेरीज ७२ आहे, तर त्या संख्या कोणत्या? शाळेच्या वहीत हे उदाहरण बहुधा एकाच साच्यात सुटतं. पहिली संख्या क्ष मानायची, पुढच्या दोन क्ष + १ आणि क्ष + २. मग ३क्ष + ३ = ७२, ३क्ष = ६९, क्ष = २३. उत्तर २३, २४, २५. रीत बरोबरच आहे. पण मला वाटतं, मुलांना आधी मधली संख्या धरायला शिकवावं. मधलीला क्ष म्हटलं की तिच्या अलीकडे क्ष − १ आणि पलीकडे क्ष + १. बेरीज करताना एकाचं कमी दुसऱ्याच्या जास्तीत भरून निघतं आणि उरतं फक्त ३क्ष. ७२ ला ३ ने भागा, २४ ही मधली संख्या हाती आली. समीकरण न मांडता तोंडीसुद्धा जमतं.

ही दृष्टी आपल्याकडे फार जुनी आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीय’मध्ये श्रेढीची बेरीज काढण्याचा नियम दिला, त्यात आधी मधलं पद काढायचं आणि त्याला पदांच्या संख्येने गुणायचं, असंच सांगितलं आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या ‘लीलावती’त यालाच मध्यधन म्हटलंय. पदं सम असतील तर मधलं पदच नसतं, ही अडचणही तिथे हेरलेली आहे. अशा वेळी मध्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पदांच्या बेरजेचं अर्ध घ्यायचं.

हा बारकावा प्रत्यक्षात असा दिसतो. चार क्रमागत संख्यांची बेरीज ९४ असेल, तर ९४ ÷ ४ = २३.५. ही आपल्या चारांपैकी कोणतीच संख्या नाही. ती २३ आणि २४ यांच्या बरोबर मध्ये बसते. म्हणून संख्या २२, २३, २४, २५. आता बेरीज ९६ दिली तर? भागाकार २४ असा पूर्ण येतो. भाग नीट गेला म्हणून मुलं खूश होतात, पण इथे तोच धोक्याचा इशारा आहे. चार संख्यांचा मध्य नेहमी ‘साडे’मध्येच यायला हवा. २२ पासूनच्या चारांची बेरीज ९४, २३ पासूनच्या चारांची ९८. मध्ये ९६ ला जागाच नाही.

क्रमागत विषम संख्या आल्या की वेगळीच चूक होते. विषम म्हणून क्ष + १, क्ष + ३, क्ष + ५ असं लिहिलं जातं. बेरीज ८१ दिली असेल तर ३क्ष + ९ = ८१, क्ष = २४, आणि घाईत २४ हीच पहिली संख्या म्हणून उत्तरात उतरते. खरं तर क्ष ही आपल्या तिघींपैकी नाहीच. पहिली संख्या २५ आहे. संख्या सम असोत की विषम, शेजाऱ्यांतलं अंतर २ च असतं. म्हणून मधली क्ष, बाजूला क्ष − २ आणि क्ष + २ घेणं बरं. ८१ ÷ ३ = २७, उत्तर २५, २७, २९.

आता बेरीज दिलेलीच नाही, फक्त सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान संख्येचं नातं दिलंय, असं उदाहरण घेऊ. पाच क्रमागत पूर्णांकांत लहान संख्येची तिप्पट ही मोठीच्या दुपटीपेक्षा ७ ने जास्त आहे. मधली क्ष घेतली तर टोकं क्ष − २ आणि क्ष + २.

३(क्ष − २) = २(क्ष + २) + ७
३क्ष − ६ = २क्ष + ११
क्ष = १७

संख्या १५ ते १९. पडताळा शब्दांतल्या विधानावरच घ्यावा, कारण समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर त्यात उत्तर घालून चूक सापडत नाही. १५ ची तिप्पट ४५, १९ ची दुप्पट ३८, फरक ७. ‘७ ने जास्त’मधले ७ डावीकडे मिळवले असते तर क्ष = ३ आला असता, म्हणजे १ ते ५; तिथे तिप्पट ३ आणि दुप्पट १०. तिप्पट जास्त नव्हे, ७ ने कमी ठरते.

एकच नातं पुरतं, कारण पाच क्रमागत संख्यांच्या टोकांमधलं अंतर ४ हे आधीच ठरलेलं असतं. त्यामुळेच मोठी संख्या लहानीच्या दुप्पट असेल तर लहान ४, तिप्पट असेल तर २, पाचपट असेल तर १. चौपट मात्र होऊ शकत नाही: जादाची तीन पट मिळून ४ व्हायला हवी आणि ४ ला ३ ने भाग जात नाही. आणि ‘मोठ्या व लहान संख्येतला फरक ४ आहे’ एवढंच दिलं असेल, तर कुठलेही पाच क्रमागत पूर्णांक चालतील. त्या प्रश्नाला एक उत्तर नाही. दोष प्रश्न काढणाऱ्याचा आहे.