हृदयाच्या गोळ्या आणि ‘लो सोडियम’ मीठ

७२ वर्षांच्या एका आजींचं उदाहरण घेऊ. वजन ५० किलो, जुना मधुमेह, हृदय अशक्त झाल्याने पायांवर सूज. डॉक्टरांनी त्यांना रॅमिप्रिल दिलं आहे आणि जोडीला स्पायरोनोलॅक्टोनची २५ मिलिग्रॅमची गोळी. या दोन्ही औषधांनी अशा रुग्णांचं आयुष्य वाढतं. ‘मीठ कमी करा’ असंही सांगितलेलं असतं, म्हणून मुलगा दुकानातून ‘लो सोडियम’ मिठाची पिशवी आणतो. पुढच्या भेटीत डॉक्टर विचारतात, मीठ कमी केलंत ना? आजी म्हणतात, हो. उत्तर खरंच असतं, पण डॉक्टरांना हवी ती माहिती त्यात नसते.

या मिठात सोडियम कमी करताना त्याच्या जागी बहुतेकदा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. त्याचं प्रमाण दर कंपनीचं वेगळं. आपण एक चतुर्थांश धरू. घरातल्या स्वयंपाकातून आजींच्या पोटात दिवसाला आठ ग्रॅम मीठ जात असेल, तर दोन ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड झालं, म्हणजे साधारण १०५० मिलिग्रॅम पोटॅशियम. अडीच केळ्यांएवढं, रोज, नेहमीच्या जेवणावर जादा. धडधाकट मूत्रपिंडांना हे जड नाही, ती ते लघवीवाटे टाकून देतात.

आजींच्या मूत्रपिंडांचं तसं नाही. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.२ दिसतं आणि घरचे निर्धास्त होतात. पण वय, वजन आणि स्त्री असणं हिशेबात धरलं की गाळण्याची क्षमता मिनिटाला जेमतेम ३३ मिलिलिटर निघते. तरुण माणसात ती शंभरच्या आसपास असते. स्नायू कमी असलेल्या वृद्धांत क्रिएटिनिन असं फसवतं.

आता गोळ्यांकडे येऊ. पोटॅशियम लघवीत टाकण्याचा हुकूम मूत्रपिंडाला अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक देतं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशी ‘प्रिल’ने संपणारी औषधं हे संप्रेरक तयार होणं कमी करतात. जे उरतं त्याचा हुकूम स्पायरोनोलॅक्टोन पोहोचू देत नाही. बाहेर जाण्याची वाट अशी दोन ठिकाणी अरुंद झालेली, आणि आत येणारं पोटॅशियम मात्र वाढलेलं. ‘सार्टन’ गटातल्या गोळ्याही ‘प्रिल’सारख्याच वागतात. शिवाय स्पायरोनोलॅक्टोन पुष्कळदा लघवीच्या दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतं, त्यामुळे आपण ते घेतो हेच रुग्णाला ठाऊक नसतं.

नुसत्या दोन औषधांनी काय होऊ शकतं, ते कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात दिसलं. १९९९ मध्ये ‘रेल्स’ नावाच्या चाचणीत तीव्र हृदयविकारात स्पायरोनोलॅक्टोनमुळे मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. त्या चाचणीत मूत्रपिंड बरंच बिघडलेले रुग्ण घेतलेच नव्हते आणि घेतलेल्यांचं रक्त वेळोवेळी तपासलं जात होतं. प्रत्यक्षात औषध सरसकट लिहिलं गेलं. ‘प्रिल’ घेणाऱ्या वृद्ध हृदयरुग्णांत वाढलेल्या पोटॅशियममुळे इस्पितळात दाखल होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये ११ वर गेलं. औषध तेच, पण त्याबरोबरची राखण सुटली होती.

आजींचं पोटॅशियम कदाचित ४.९ वरून ५.४ वर जाऊन तिथेच थांबलं असतं. (साधारण ३.५ ते ५ ही ठीक पातळी.) पण त्यांना दोन दिवस जुलाब होतात. शरीरातलं पाणी आटतं आणि मूत्रपिंडांचं काम आणखी मंदावतं. गोळ्या मात्र चालूच. त्यात घरचे मायेने शहाळ्याचं पाणी पाजतात; एका पेल्यात सुमारे ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम. कुणी अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक दिलं तर आणखी भर. आकडा ६.८ वर जातो.

वाईट हे, की जाणवत फारसं काही नाही. पाय लटपटतात, गळून गेल्यासारखं वाटतं, नाडी मंद होते. घरच्यांना ते जुलाबाचंच वाटतं. ईसीजीत मात्र टी-लहर उंच, टोकदार झालेली असते, पुढे क्यूआरएस रुंदावतो आणि मग हृदय थांबूही शकतं. कधी आकडा वाढूनही ईसीजी साधाच दिसतो, म्हणून रक्ततपासणीला पर्याय नाही. इस्पितळात कॅल्शियमचं इंजेक्शन देऊन आधी हृदय सांभाळतात, मग ग्लुकोजबरोबर इन्शुलिन देऊन पोटॅशियम पेशींत ढकलतात. न जमल्यास डायलिसिस.

म्हणून सगळ्यांनीच हे मीठ टाकून द्यायचं का? मला तसं वाटत नाही. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साध्या मिठाऐवजी ते वापरण्याची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा पोटॅशियम नीट बाहेर न टाकता येणाऱ्यांना त्यातून वगळून. आजी याच वगळलेल्यांत येतात. त्यांना साधं मीठच, पण थोडं, योग्य. सैंधवही रासायनिकदृष्ट्या मुख्यतः साधं मीठच आहे. स्पायरोनोलॅक्टोन सुरू झाल्यावर साधारण आठवड्याने, महिन्याने आणि पुढे ठरावीक अंतराने पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासायचं असतं. गोळ्या मनाने बंद करू नयेत. जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून काय थांबवायचं ते विचारावं. आणि फायलीबरोबर मिठाची पिशवीही दाखवायला न्यावी.