वाट पाहण्याचा हक्क

३ जून २०२४, सोमवार. लोकसभेच्या मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे शनिवारी संध्याकाळी आले होते. त्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी उसळला आणि ७६,४६८ वर बंद झाला. मंगळवारी खरी मतमोजणी सुरू झाली, आकडे चाचण्यांशी जुळेनात, आणि तोच निर्देशांक ४,३८९ अंशांनी कोसळून ७२,०७९ वर आला. शुक्रवारी, ७ जूनला, तो ७६,६९३ वर बंद झाला. सोमवारच्याही वर.

सोमवारी संध्याकाळी मोबाइल बंद करून कुणी गावी गेला असता आणि शनिवारी परतला असता, तर मधे काही घडलं हे त्याला निर्देशांकावरून कळलंही नसतं. उसन्या पैशावर शेअर घेतलेल्याला मात्र शुक्रवार पाहायला मिळेलच याची खात्री नव्हती. त्याचे शेअर मंगळवारी किंवा बुधवारीच दुसऱ्या कुणीतरी विकून टाकलेले असू शकत होते, आणि तेही त्याच्याच आधी दिलेल्या संमतीने. ते कसं, हे समजलं की मार्जिन ट्रेडिंगमधला खरा धोका कळतो.

शेअर खरेदीच्या अॅपमध्ये नेहमीच्या ‘डिलिव्हरी’शेजारी हल्ली ‘एमटीएफ’ असा आणखी एक पर्याय दिसतो. एमटीएफ म्हणजे मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटी. शेअरच्या किमतीचा काही भाग तुम्ही भरायचा, उरलेला ब्रोकर घालतो. तुम्ही भरता ते मार्जिन. ब्रोकरच्या पैशावर रोजचं व्याज चढतं, आणि घेतलेले शेअर तुमच्या डिमॅट खात्यात आले तरी ब्रोकरकडे तारण राहतात. या तारणाला होकार म्हणून डिपॉझिटरीकडून आलेल्या लिंकवर ओटीपी टाकावा लागतो. पुष्कळ जण तो सवयीने टाकून मोकळे होतात.

दलाल स्ट्रीटला उसनवारी नवी नाही. तिथे कित्येक दशकं ‘बदला’ चालायचा. पूर्ण पैसे न भरता सौदा पुढच्या हिशेबापर्यंत ढकलायचा आणि त्याबद्दल सावकाराला व्याज मोजायचं, अशी ती पद्धत. जुलै २००१मध्ये ती बंद झाली. आजची सुविधा ‘सेबी’च्या नियमांत बांधलेली आहे. ती फक्त नियमित उलाढाल असलेल्या शेअरांना मिळते आणि किमान मार्जिन किती घ्यायचं, हेही ठरलेलं असतं. शेअर जितका चंचल, तितकं त्याचं मार्जिन जास्त. नियमांमुळे ही उसनवारी शिस्तीची झाली, पण तिचं गणित तेच राहिलं.

ते गणित दोन भावांवर मांडून पाहू. दोघांकडे प्रत्येकी १ लाख रुपये आहेत आणि दोघांची नजर ४०० रुपयांच्या एकाच शेअरवर आहे. थोरला आपल्या पैशात बसतात तेवढे, म्हणजे २५० शेअर घेतो. धाकटा एमटीएफ निवडतो. या शेअरला २५ टक्के मार्जिन लागतं असं धरू. मग त्याला ४ लाखांचे १,००० शेअर घेता येतात. त्यात त्याचे १ लाख आणि ब्रोकरचे ३ लाख.

भाव १० टक्के वाढून ४४० झाला, तर थोरल्याला १० हजार मिळतात आणि धाकट्याला ४० हजार. पैसे दोघांनी सारखेच घातले, पण एकाची कमाई १० टक्के आणि दुसऱ्याची ४० टक्के. भाव १० टक्के पडून ३६० झाला, तर थोरल्याचे १० हजार जातात आणि धाकट्याचे ४० हजार. भाव ३०० वर आला, तर थोरल्याकडे अजून ७५ हजारांचे शेअर असतात. धाकट्याच्या शेअरांची किंमत मात्र ३ लाख, म्हणजे बरोबर कर्जाइतकी, आणि त्याचे स्वतःचे १ लाख संपलेले.

पारडं दोन्ही बाजूंना सारखंच झुकतं, असं इथवर वाटेल. तसं नाही, कारण व्याज एकाच बाजूला बसतं. ब्रोकर वर्षाला १२ टक्के घेतो असं धरलं, तर ३ लाखांवर महिन्याला ३ हजार होतात. म्हणजे भाव महिनाभर ४०० वरच बसून राहिला, तरी धाकट्याच्या १ लाखातले ३ टक्के गेले. सहा महिने तसाच राहिला तर १८ हजार. नुसती मुद्दल वाचवायला भाव ४१८ व्हावा लागतो. थोरल्याला ‘पडून राहिलाय’ म्हणायची मुभा आहे. धाकट्यासाठी पडून राहणं म्हणजे हळूहळू बुडणं.

तरीही व्याज हा लहान धोका आहे. मोठा धोका रोजच्या मोजणीत आहे.

घरासाठी कर्ज काढलं आणि वर्षभरात परिसरातले भाव १० टक्क्यांनी उतरले, तर बँक फोन करून ‘उद्या सकाळपर्यंत फरक भरा’ असं म्हणत नाही. हप्ते वेळेवर जात असले की ती गप्प असते. शेअरच्या तारणाची किंमत मात्र दररोज नव्याने लावली जाते, आणि ठरलेलं मार्जिन कर्ज असेपर्यंत सतत पुरं असावं लागतं, फक्त खरेदीच्या दिवशी नव्हे.

धाकट्याचा शेअर ३६० झाला त्या संध्याकाळी ब्रोकरचा संगणक एवढंच पाहतो: शेअरांची किंमत ३ लाख ६० हजार, त्यावर २५ टक्के मार्जिन म्हणजे ९० हजार हवेत. कर्ज वजा जाता धाकट्याचे उरले ६० हजार. कमी पडले ३० हजार. मग एसएमएस येतो, ईमेल येतो: मार्जिन कमी आहे, अमुक वेळेपर्यंत भरा. हाच मार्जिन कॉल. मुदत किती आणि घसरण किती झाली की मुदतीचीही वाट न पाहता विक्री होईल, हे ब्रोकरच्या अटींत लिहिलेलं असतं. खातं उघडताना ‘मान्य आहे’ म्हणून पुढे सरकवलेली पानं हीच.

धाकट्याकडे घरात ३० हजार असतील तर तो भरतो आणि निभावतो. नसतील तर शेअर विकावे लागतात. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. ३० हजार कमी पडले म्हणजे ३० हजारांचे शेअर गेले, असं वाटतं. पण शेअर विकून आलेले पैसे कर्ज फेडण्यात जातात, धाकट्याच्या स्वतःच्या ६० हजारांत त्याने एका रुपयाचीही भर पडत नाही. तेव्हा ६० हजार हे २५ टक्के ठरतील इतकी सगळी खरेदीच आटवावी लागते. ती पातळी २ लाख ४० हजारांची. म्हणजे १ लाख २० हजारांचे, ३६० च्या भावाने ३३४ शेअर विकावे लागले. तुटीच्या चौपट.

आता तीन दिवसांनी भाव पुन्हा ४०० वर आला असं समजा. थोरल्याचे १ लाख जसेच्या तसे. धाकट्याकडे ६६६ शेअर उरलेत, त्यांची किंमत २ लाख ६६ हजार ४००. कर्ज उरलंय १ लाख ७९ हजार ७६०. त्याच्या हाती ८६ हजार ६४० रुपये. शेअर जिथून निघाला तिथेच परतला, दोघांचा अंदाजही एकच होता, आणि धाकट्याचे १३ हजार ३६० गेले. विकलेल्या ३३४ शेअरांवर प्रत्येकी ४० रुपये. कागदावरचा तोटा मार्जिन कॉलने खरा करून टाकला.

कॉल यायला भाव पडायलाच हवा असंही नाही. बाजार अस्थिर झाला की शेअरचं आवश्यक मार्जिनच वाढतं, कारण ते चंचलतेवर मोजलं जातं. काल २५ टक्के पुरत होते, आज ३५ लागतात. ४ लाखांच्या शेअरांवर हा फरक ४० हजारांचा, आणि भाव तर जागचा हललेलाही नाही. ज्यांनी रोख मार्जिनऐवजी आपले जुने शेअर तारण दिलेले असतात, त्यांची कोंडी आणखी घट्ट असते. पडत्या बाजारात घेतलेले शेअर उतरतात आणि त्यांना आधार म्हणून ठेवलेले शेअरही त्याच दिवशी उतरतात.

विक्रीही हवी तेव्हा होतेच असं नाही. शेअरला लोअर सर्किट लागलं की विकणाऱ्यांची रांग असते आणि घेणारा कुणी नसतो. ब्रोकरला विकायचं असूनही विकता येत नाही. सर्किट सुटून भाव २८० वर सापडला, तर धाकट्याचे १,००० शेअर २ लाख ८० हजारांना जातात. त्याचे १ लाख संपून वर २० हजार देणं उरतं. थोरल्याचा तोटा घातलेल्या पैशापलीकडे कधीच जाऊ शकत नाही, धाकट्याचा जाऊ शकतो.

ही घसरण कल्पनेतली म्हणावी, तर ४ जून २०२४ ला स्टेट बँकेसारख्या भारदस्त कंपनीचा शेअर एका दिवसात सुमारे १४ टक्क्यांनी पडला. अदानी पोर्ट्सचा जवळपास २१ टक्क्यांनी. धाकट्याचे पैसे संपायला २५ टक्के लागतात, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचं वजन कळतं.

म्हणून एमटीएफचं बटण दाबण्याआधी ‘किती मिळेल’ याच्याआधी दोन आकडे काढावेत. पहिला, शेअर किती पडला की आपले पैसे संपतात. तो सोपा आहे: २५ टक्के मार्जिन असेल तर २५ टक्के, ५० असेल तर ५०. दुसरा, १० टक्के पडला तर उद्या सकाळी किती भरावे लागतील, आणि ते कुठून येतील. धाकट्याने ४ लाखांऐवजी २ लाखांचेच शेअर घेतले असते, तर कर्ज १ लाखाचं झालं असतं. भाव ३६० झाल्यावर त्याचे ८० हजार उरले असते आणि २५ टक्के मार्जिनसाठी लागले असते ४५ हजार. कॉल आलाच नसता. भाव ४०० वर परतेपर्यंत तो थोरल्यासारखाच बसून राहिला असता, फक्त व्याज भरून.

थोरल्याला बाजाराबद्दल धाकट्यापेक्षा जास्त काही कळत होतं असं नाही. त्याचे शेअर केव्हा विकायचे, हे त्याच्याच हातात होतं, एवढंच. धाकट्याने तो निर्णय पहिल्याच दिवशी ओटीपीसोबत देऊन टाकला होता.