ताज्या अननसाची जेली का जमत नाही?

मुलांनो, ताज्या अननसाच्या फोडी घालून जिलेटिनची जेली लावली आणि वाडगा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, तरी सकाळी त्यात पातळ सरबतच सापडतं. डबाबंद अननसाची जेली मात्र छान थुलथुलते. फळ तर तेच!

आधी जिलेटिन म्हणजे काय ते पाहू. जनावरांच्या कातडीत आणि हाडांत कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. त्यापासून जिलेटिन करतात. त्याचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या. गरम पाण्यात त्या सुट्या फिरतात. पाणी गार होऊ लागलं की जागोजागी एकमेकींना पीळ घालतात, त्यांचं जाळं तयार होतं आणि पाणी त्यात अडकून बसतं. जेली म्हणजे बरंचसं पाणीच, फक्त कोंडलेलं.

अननसात ब्रोमेलेन असतं. हा प्रथिनं तोडणाऱ्या विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, गट आहे. तो जिलेटिनच्या साखळ्यांचे तुकडे करतो. इतक्या आखूड तुकड्यांचं जाळं विणलं जात नाही. विकर या कामात खर्चीही पडत नाही. एक साखळी तोडली की पुढची धरतं. म्हणून थोडासा रसही पुरतो.

तुम्ही म्हणाल, अननस आंबट असतो, आंबटपणानेच बिघडत असेल. शंका रास्त आहे, आणि ती घरी तपासता येते. १० ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन थोड्या गार पाण्यात दहा मिनिटं भिजवा, मग गरम पाण्यात विरघळवून एकूण अर्धा लिटर करा. कोमट झालं की तीन वाट्यांत सारखं ओता. पहिलीत दोन चमचे ताज्या अननसाचा रस घाला, दुसरीत तोच रस पाच मिनिटं उकळून गार केलेला, तिसरीत लिंबाचा रस. चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवून वाट्या तिरक्या करा. पहिली वाहील, बाकीच्या दोन्ही जमलेल्या दिसतील. म्हणजे दोष आंबटपणाचा नाही. उकळल्यावर विकराच्या रेणूची घडी मोडते आणि त्याचं काम बंद पडतं. डबाबंद करतानाही अननस तापवलेला असतो. गोठवून मात्र ही युक्ती साधत नाही. बर्फातून बाहेर काढलेला अननस पुन्हा साखळ्या तोडू लागतो.

किवी, अंजीर आणि पपई यांच्यातही अशीच विकरं आहेत. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा कीस चोळतात, तो याचसाठी.

प्रयोगाआधी पाकीट नीट वाचा. आपल्याकडच्या शाकाहारी जेलीत जिलेटिन नसतं. चायना ग्रास तर समुद्री शेवाळापासून करतात. त्याचं जाळं प्रथिनाचं नसून कर्बोदकाचं असतं. ब्रोमेलेनला ते तोडता येत नाही, त्यामुळे ताजा अननस घालूनही ती जेली जमते.