मण्यांच्या ब्लाउजची शिलाई

मणी आणि टिकल्यांनी भरलेल्या ब्लाउजपीसवर थेट मशीन चालवली, तर सुई काचेच्या मण्यावर आपटून मोडते. सुई वाचली तरी टाके सुटतात आणि शिवण जाड होऊन काखेत टोचते. म्हणून कापड बेतल्यावर आधी उलट्या बाजूने शिलाईची रेघ आखून त्यावर कच्चा दोरा घालावा. रेघेबाहेरच्या मायेतले मणी काढायचे, शिवाय रेघेच्या आतलेही दोन-तीन मिलिमीटर, नाहीतर मशीनचा पाय त्यांवर चढतो.

खरी मेख आरीवर्कमध्ये आहे. ते साखळी टाक्याचे असते. एक दोरा कापला की अख्खी ओळ उसवत जाते. त्यामुळे तिथे कात्री नको. कापडाखाली जाड फडके घेऊन काचेचा मणी पक्कडीने हलकेच फोडावा, दोरा शाबूत राहतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. टिकली कडेपासून भोकापर्यंत कापून सोडवता येते. जरदोसीची स्प्रिंग मात्र कापावीच लागते. तिचा दोरा आधी मागून गाठ मारून पक्का करावा.

मग चेन लावायच्या एकेरी पायाने शिवावे. शिवणीलगत राहिलेल्या मोकळ्या जागी सुटे मणी हाताने टाचावेत. त्यासाठी थोडे मणी कारागिराकडून आधीच मागून ठेवा.